आठव्या आणि नवव्या तारेच्या मधे

त्या दिवशी तीन नंबरच्या टेबलावरची टकटक थांबत नव्हती.

पोटेन्शिओमीटरवर काम केलेल्या माणसाला हा आवाज लगेच कळतो. लाकडी पाटावर एकेक मीटरच्या दहा तारा शेजारी शेजारी ताणलेल्या असतात, एकीचं टोक दुसरीला तांब्याच्या पट्टीने जोडलेलं. अशी दहा मीटरची एकच लांब तार तयार होते, नांगरटीसारखी जात-येत. तिच्यावर जॉकी, म्हणजे हातात धरायची धातूच्या टोकाची कळ, टेकवायची, गॅल्व्हानोमीटरचा काटा कुठे जातो ते बघायचं, उचलायची, पुढे टेकवायची. काटा जिथे मधल्या शून्यावर स्थिर राहतो तो नल पॉइंट. तो सापडला की टकटक थांबते आणि कॅल्क्युलेटर बाहेर येतो. बाकी पाच टेबलांवर कॅल्क्युलेटर बाहेर आले होते.

तीन नंबरवरचा मुलगा मला वर्षभर माहीत होता, म्हणजे त्याचं अक्षर माहीत होतं. आवाज फारसा ऐकलेला नव्हता. काही विचारलं तर तो मान हलवायचा, आणि मान हलवून भागणार नाही असा प्रश्न असला तर वहीच्या कोपऱ्यात उत्तर लिहून वही माझ्याकडे सरकवायचा. उत्तर बहुधा बरोबर असायचं. तोंडी परीक्षेत त्याचं काय होणार ही काळजी मला त्याच्याइतकीच होती.

मी त्या परीक्षेचा इंटर्नल होतो. टेबलं मीच लावली होती, सकाळी सगळी सर्किट्सही मीच तपासली होती. तपासली म्हणजे काय केलं, ते पुढे येईलच.

प्रयोग नेहमीचाच, दोन सेलच्या विद्युतचालक बलाची तुलना. एक लेक्लांशे सेल, साधारण १.४५ व्होल्टचा. दुसरा डॅनियल, १.०८ व्होल्टचा. डॅनियल १८३६ चा, लेक्लांशे १८६६ चा. दोघेही आता प्रयोगशाळेबाहेर कुठे दिसत नाहीत, पण परीक्षेत दरवर्षी हजर. साधा व्होल्टमीटर लावून मोजलं तर का चालत नाही, हा ठरलेला तोंडी प्रश्न. व्होल्टमीटर सेलमधून थोडा का होईना करंट ओढतो, आणि करंट वाहायला लागला की सेलच्या अंतर्गत रोधात काही व्होल्टेज खर्ची पडतं. पोटेन्शिओमीटरमध्ये दुसरी बॅटरी दहा मीटरच्या तारेतून ठरावीक करंट सोडते, तारेच्या दर सेंटिमीटरला सारखं व्होल्टेज उतरत जातं, आणि तारेच्या ज्या लांबीवरचं व्होल्टेज आपल्या सेलच्या बरोबरीचं होतं तिथे सेलमधून काहीच वाहत नाही. काटा शून्यावर. दोन सेलच्या दोन लांब्या, त्यांचं गुणोत्तर हेच विद्युतचालक बलांचं गुणोत्तर. १.४५ भागिले १.०८, म्हणजे १.३४.

आणि इथेच गोम आहे. उत्तर आधीच माहीत असतं. ६४० लिहायचं, त्याला १.३४ ने गुणायचं, ८५७.६ येतं, ते ८५९ करायचं म्हणजे फार नेमकं दिसत नाही. मग तारेतला करंट कमी-जास्त करणारा रिओस्टॅट सरकवला असं दाखवून आणखी दोन जोड्या. आम्ही याला उलटं गणित म्हणायचो. 'आम्ही' म्हणतोय कारण माझ्या स्वतःच्या जर्नलमध्ये अशी पानं आहेत, आणि त्यांवर 'उत्तम' असा शेराही आहे.

वेळ संपायला वीस मिनिटं असताना एक्स्टर्नल मॅडम टेबलांवरून फिरायला लागल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज कमी, चष्मा कपाळावर. त्यांची एक सवय मी सकाळच्या तुकडीत पाहिली होती. त्या पेपर आधी बघत नसत, काटा आधी बघत. मुलाने लिहिलेल्या लांबीवर स्वतः जॉकी टेकवत. दोन-तीन मुलांचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे झाले होते.

तीन नंबरवर आल्या. मुलगा उठून उभा राहिला आणि त्याने पेपर पुढे केला. मी दोन पावलं मागे होतो, तिथूनही दिसलं की निष्कर्षाच्या जागी आकडा नाही. तिथे एक वाक्य होतं: 'लेक्लांशे सेलसाठी नल पॉइंट तारेवर मिळाला नाही.'

माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याच्याबद्दल नव्हता. आता या विचारणार, अपरॅटस चालू आहे का म्हणून, असा होता.

"डॅनियलचा मिळाला?"

त्याने मान हलवली. मग मान पुरेशी नाही हे बहुधा कळलं असावं. "सहाशे पंच्याहत्तर."

मॅडमनी जॉकी घेतली. सहा तारा सोडून सातवीवर पंच्याहत्तर सेंटिमीटर. काटा शून्यावर.

"आणि हा? टोकं बघितलीस?"

टोकं बघणं ही पहिली तपासणी. जॉकी पहिल्या तारेच्या सुरुवातीला टेकवायची, मग दहाव्या तारेच्या शेवटी. काटा एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला गेला तर जोडणी बरोबर. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला तर घोटाळा: सेलची टोकं उलटी लागलीत, नाहीतर मुख्य बॅटरीच उतरलीय आणि तारेवरचं सगळं व्होल्टेज मिळूनही सेलची बरोबरी होत नाही. मी सकाळी सहाही टेबलांवर एवढंच केलं होतं. दोन टोकं, दोन बाजू, झालं.

"बघितली," तो म्हणाला. "उलटसुलट जातोय काटा. म्हणजे मधे कुठेतरी शून्य यायला पाहिजे." आणि तो थांबला. बराच वेळ थांबला. मॅडमनी घाई केली नाही, मला मात्र राहवेना. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने पेपरचं पान उलटलं आणि बोट ठेवलं.

मागच्या बाजूला पट्टीने आखलेला तक्ता होता. डाव्या रकान्यात लांबी, उजव्या रकान्यात काट्याचे घर. ७५० सेंटिमीटरवर उजवीकडे ९. आठव्या तारेच्या शेवटी, म्हणजे ८०० वर, उजवीकडे ६. नवव्या तारेवर एक सेंटिमीटर पुढे, ८०१ वर, डावीकडे ८. ८५० वर डावीकडे ११. १००० वर डावीकडे २०. खाली एक ओळ: 'सर्व वेळी मोठा रोध मालिकेत जोडलेला होता.'

ही शेवटची ओळ वाचून मॅडमचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. ती ओळ नसती तर तक्त्याला अर्थ नव्हता. गॅल्व्हानोमीटरच्या रस्त्यात मोठा रोध असला तरच काट्याचं सरकणं व्होल्टेजच्या फरकाच्या प्रमाणात असतं असं धरता येतं. एरवी तो रोध काट्याला जपण्यासाठी लावतात आणि शून्याजवळ गेलं की काढून टाकतात. याने तो जपण्यासाठी नाही, मोजण्यासाठी ठेवला होता.

"वाच मला," मॅडम म्हणाल्या. पेपर समोर असताना. आता वाटतं, त्यांनी मुद्दाम म्हटलं असावं. वाचायचं म्हटल्यावर त्याला बोलणं सोपं गेलं.

त्याने वाचलं. पन्नास सेंटिमीटर सरकलं की काटा तीन घरं सरकतो. आठव्या तारेवरही तीन, नवव्या तारेवरही तीन. पण आठवीच्या शेवटापासून नववीच्या सुरुवातीपर्यंत, जिथे तारेची लांबी जवळजवळ काहीच नाही, तिथे काटा चौदा घरं उडी मारतो. चौदा घरं म्हणजे सव्वादोन मीटरच्या वर तार. "तेवढी तार तिथे नाहीये," तो म्हणाला. "पण तेवढ्या तारेचा रोध आहे. नल पॉइंट त्याच्या आत आहे."

मी शिकवायला लागल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि नल पॉइंट कुठे 'आत' असू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दोन टोकांना काटा उलट गेला म्हणजे मधे शून्य आहे, हे खरंच. पण मधे म्हणजे तारेवरच, हे मीच धरून चाललो होतो. करंटच्या वाटेवर जे जे आहे, तार, पट्टी, स्क्रू, स्क्रूखाली साचलेला थर, त्या सगळ्यांवर व्होल्टेज उतरतं. जॉकी फक्त तारेवर टेकते. स्क्रूच्या आत जॉकी टेकवता येत नाही.

"कुठे आहे तो रोध? पट्टीच्या अलीकडे की पलीकडे?"

पेपरमध्ये याचं उत्तर नव्हतं. तो जरा गोंधळला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण हात थांबला नाही. त्याने जॉकी आठव्या तारेच्या टोकाला टेकवली: उजवीकडे ६. मग थेट तांब्याच्या पट्टीवर टेकवली. उजवीकडे ६. पट्टीच्या दुसऱ्या कडेला: ६. मग नवव्या तारेवर: डावीकडे ८.

"पलीकडे," तो म्हणाला. "पट्टीपर्यंत ठीक आहे. पट्टी आणि नववी तार यांच्यातला स्क्रू."

"मग आवळला का नाहीस?"

त्याने फळ्याकडे बघितलं. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: उपकरणाच्या कोणत्याही जोडणीला हात लावू नये, अडचण आल्यास पर्यवेक्षकांना सांगावे.

"मग सांगितलं का नाहीस?" हे मी विचारलं, आणि विचारता क्षणी कळलं की याचं उत्तर मला माहीत आहे. सांगायला तोंड उघडावं लागतं. हा भाग त्याच्या कौतुकाचा नाही आणि मला तो झाकायचाही नाही. पहिल्या अर्ध्या तासात हात वर केला असता तर दुसरा पाट मिळाला असता आणि सरळ प्रयोग झाला असता. खाली मान घालून बसणारी मुलं कधी कधी कारण नसताना लांबच्या वाटेने जातात. हा गेला, आणि त्या वाटेवर त्याला हा तक्ता सापडला.

मॅडमनी रिओस्टॅटवर हात ठेवला. "आणि हा थोडा सरकवून बघितला असतास तर?" त्या रिओस्टॅट जरासा सरकवत, जॉकी टेकवत, पुन्हा सरकवत राहिल्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लेक्लांशेचा काटा नवव्या तारेवर शून्यावर आला. ८१६. मग सेल बदलून डॅनियल: आठव्या तारेवर, ७९४.

"हे घे. दोन्ही मिळाले. लिही."

मला वाटतं, ती खरी परीक्षा होती. दोन्ही आकडे खरे होते, काटा खरोखर शून्यावर होता, परीक्षक स्वतः 'लिही' म्हणत होत्या. त्याने कॅल्क्युलेटर घेतला, भागाकार केला, आणि इतका वेळ खाली असलेली मान वर झाली.

"एक पॉइंट शून्य तीन येतंय, मॅडम."

"मग?"

"चूक आहे. लेक्लांशेच्या लांबीत तो स्क्रू धरलाच नाहीये. डॅनियल स्क्रूच्या अलीकडे आहे, हा पलीकडे गेला." मग हळू आवाजात, "आधीचं बरं होतं."

त्या हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा.

'आधीचं' म्हणजे पेपरच्या अगदी तळाशी पेन्सिलने लिहिलेल्या दोन ओळी. आठव्या तारेच्या शेवटी सहा घरं शिल्लक आहेत. पन्नास सेंटिमीटरला तीन घरं, म्हणजे तार न तुटता तशीच पुढे गेली असती तर नल पॉइंट आणखी शंभर सेंटिमीटरवर, ९०० ला आला असता. ९०० भागिले ६७५, १.३३. समोर लिहिलं होतं, 'अंदाज. वाचन नाही.' काटा अर्ध्या घरापर्यंतच वाचता येतो, त्यामुळे या ९०० मध्ये पंधरा-वीस सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात, हेही त्याने कंसात टाकलं होतं.

हा १.३३ त्याने वर शाईने निष्कर्षात लिहिला असता तर कुणी हरकत घेतली नसती. अपेक्षित उत्तराच्या इतकं जवळ आलेलं उत्तर पेन्सिलने तळाशी ठेवायचं, हे मला जमलं नसतं. त्याच्या वयात तर नाहीच.

मॅडमनी मला स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितला. स्क्रू काढला तर खाली हिरवट थर होता, तांब्यावर चढतो तसा. मी काचकागदाने पट्टी आणि तारेचं टोक घासलं, स्क्रू परत आवळला. मॅडमनी रिओस्टॅट परत शून्यावर नेला आणि जॉकी हातात घेण्याआधी त्याला विचारलं, "आता डॅनियल परत ६७५ वरच येईल?"

तो 'हो' म्हणायला गेला असावा, ओठ तसे हलले होते. मग थांबला. "नाही. रोध कमी झाला. करंट वाढेल. दर सेंटिमीटरला जास्त व्होल्टेज. म्हणजे आधीच येईल, कमी लांबीवर."

५४० वर आला. लेक्लांशे ७२५ वर. भागाकार त्याने तोंडीच करायला घेतला, मी कॅल्क्युलेटरवर केला. १.३४.

त्याने पेन उचललं. मॅडमनी पेपर आपल्याकडे ओढला. "हे नको लिहूस. वेळ संपलीय, आणि हे आपण तिघांनी केलं. तुझं जे आहे ते आहे."

मग एक गोष्ट झाली, ती फार लहान होती. दिवसभर मुलं उभी आणि परीक्षक खुर्चीवर असंच चाललं होतं. मॅडमनी बाजूचं स्टूल पायाने ओढून त्याच्याकडे सरकवलं, तो बसला, आणि त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढून त्याचा तक्ता उतरवून घेतला. पाचही ओळी, आणि खालची मोठ्या रोधाची ओळ. एका जागी त्यांना अक्षर लागलं नाही तर त्याला विचारलं. त्याने सांगितलं. पुढची दहा मिनिटं ते दोघं काहीतरी बोलत होते आणि ती तोंडी परीक्षा आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. मी बाकीच्या टेबलांवरच्या वायरी गोळा करत होतो. डॅनियल सेलमधलं सच्छिद्र भांडं कशाला, असं काहीतरी कानावर आलं, आणि त्याचा आवाज. वर्षभरात ऐकला नव्हता एवढा.

गुण भरताना मॅडमनी गुणपत्रिका माझ्यासमोर धरली. सर्किट, वाचनं, गणित, निष्कर्ष, तोंडी, अशा चौकटी. निष्कर्षाच्या चौकटीशी त्यांचं पेन थांबलं. मी म्हटलं, "निकाल तर आलेला नाही." त्या म्हणाल्या, "आलाय की, लिहिलाय त्याने," आणि आकडा भरला. सर्किटच्या चौकटीत एक गुण कापला, रिओस्टॅटला बाण काढलेला नव्हता म्हणून. त्या एका गुणाबद्दल मला त्यांचा आदर अजून आहे.

जाताना त्यांनी सकाळच्या तुकडीचा गठ्ठा माझ्या हातात दिला. वरचाच पेपर तीन नंबरच्या टेबलावरचा होता. तोच पाट, तेच सेल. लांब्या ८६८ आणि ६४८, गुणोत्तर १.३४. मॅडमनी तो मुद्दाम वर ठेवला होता की योगायोगाने आला होता, ते मी विचारलं नाही. सकाळी स्क्रू नीट असेल, दुपारपर्यंत सैल झाला असेल, असंही होऊ शकतं. हिरवा थर मात्र एका दुपारात चढत नाही.

सगळे गेल्यावर मी एक बॅटरी आणि एक सेल घेऊन सहाही पाटांवर बसलो. दर पाटावर नऊ पट्ट्या. पट्टीच्या अलीकडच्या तारेवर जॉकी, पलीकडच्या तारेवर जॉकी. काटा जागचा हलला नाही तर पुढची. एक, दोन आणि चार नंबर स्वच्छ. तीन आत्ताच दुरुस्त केलेला. पाच नंबरच्या पाटावर तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधे काट्याने पाच घरं उडी मारली.

कागद घेऊन गणित मांडलं. हा स्क्रू इतका अलीकडे की दोन्ही सेलचे नल पॉइंट त्याच्या पुढे पडणार. म्हणजे दोन्ही सहज मिळणार आणि दोन्ही लांब्या सारख्याच, पाऊण मीटरच्या आसपास, कमी भरणार. दोन्हींतून सारखंच वजा झालं की गुणोत्तर वाढतं. या पाटावर प्रामाणिकपणे काम केलेल्या कुणालाही १.४० च्या जवळपास उत्तर यायला हवं होतं.

गठ्ठ्यातून पाच नंबरच्या टेबलाचे पेपर वेगळे काढले, सकाळचे आणि दुपारचे. १.३४. १.३५. १.३४. १.३४.

ट्यूबलाइट मालवायच्या आधी काचकागद परत शोधला आणि तो स्क्रू काढला.